सोळा जीबीवरची चांदणी

मोबाइलच्या दुकानात काचेच्या काउंटरवर दोन खोकी शेजारी शेजारी ठेवलेली असतात. एकावर ठळक अक्षरांत ‘१६ जीबी रॅम’ आणि त्या सोळाच्या डोक्यावर एक बारीक चांदणी. दुसऱ्यावर नुसतं ‘८ जीबी, १२८ जीबी’. किंमत जवळपास सारखी. दुकानातला मुलगा सांगतो, “काका, हा सोळाचा घ्या, हँग होणारच नाही.” खोकं उलटं करून, चष्मा लावून तळाची ओळ वाचली तर तिथे सापडतं: ‘८ जीबी + ८ जीबी व्हर्च्युअल रॅम’. म्हणजे दोन्ही खोक्यांत खरी रॅम आठच जीबी. पहिल्या फोनने वरचे आठ जीबी आणले कुठून, हे कळलं की रॅम आणि स्टोरेज यांच्यातला बहुतेक गोंधळ आपोआप सुटतो.

दुकानदार आपसात बोलताना फोनला ‘आठ-एकशे अठ्ठावीस’ किंवा ‘सहा-एकशे अठ्ठावीस’ म्हणतात. पहिला आकडा रॅमचा, दुसरा स्टोरेजचा. दोन्ही जीबीत मोजले जातात आणि दोन्हींना लोक सरसकट मेमरी म्हणतात, त्यामुळे लहान आकडा हा मोठ्या आकड्याचाच काही भाग असावा असं वाटतं. तसं नाही. फोनच्या आत या दोन वेगळ्या चिप असतात, वेगळ्या पद्धतीने बनवलेल्या आणि वेगळ्या कामासाठी.

रॅममध्ये माहितीचा प्रत्येक कण म्हणजे एका अतिसूक्ष्म कपॅसिटरमध्ये साठवलेला विद्युतभार असतो. तो भार सतत गळत असतो, म्हणून चिपला दर सेकंदाला साधारण पंधरा ते तीस वेळा तो वाचून पुन्हा भरावा लागतो. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना या रचनेचं पेटंट १९६८ साली मिळालं, आणि आजच्या फोनमधली रॅमही त्याच तत्त्वावर चालते. वीज गेली की भरणं थांबतं आणि क्षणात सगळं पुसलं जातं. याच्या बदल्यात मिळतो तो वेग. स्टोरेजमध्ये, म्हणजे फ्लॅश चिपमध्ये, इलेक्ट्रॉन चारी बाजूंनी निरोधक थरांत कोंडून ठेवलेले असतात. फोन बंद करून कपाटात ठेवला तरी ते तिथेच राहतात, म्हणून वर्षभरापूर्वीचे फोटो तसेच सापडतात. मात्र ते वाचायला वेळ लागतो. रॅममधून एखादी गोष्ट मिळायला सेकंदाचा एक कोट्यंश भाग लागतो असं धरलं, तर फ्लॅशमधून ती मिळायला त्याच्या हजारपट वेळ जातो. रॅमचं उत्तर एका सेकंदात येत असतं, तर फ्लॅशच्या उत्तरासाठी सतरा मिनिटं थांबावं लागलं असतं, इतकं हे अंतर आहे.

प्रोसेसर थेट स्टोरेजवर काम करू शकत नाही. आपण एखाद्या अ‍ॅपवर बोट ठेवलं की त्याचा आवश्यक भाग स्टोरेजमधून उचलून रॅममध्ये आणला जातो आणि तिथे ते अ‍ॅप चालतं. आपण दुसरं अ‍ॅप उघडलं तरी पहिलं लगेच रॅममधून जात नाही. परत गेलो की जिथे होतो तिथेच सापडावं म्हणून ते मागे तसंच ठेवलेलं असतं. रॅम जितकी जास्त, तितकी जास्त अ‍ॅपं अशी जागी राहतात. मोठ्या रॅमचा सामान्य माणसाला मिळणारा मुख्य फायदा हाच आहे. त्याने फोटो चांगले येत नाहीत, इंटरनेट वेगवान होत नाही, आणि एकच अ‍ॅप वापरत असाल तर फरक जाणवतही नाही.

रॅम कमी पडते तेव्हा नेमकं काय होतं, ते चार जीबीच्या एका फोनवर पाहू. मुलीच्या प्रवेशाचा फॉर्म आई फोनवरच भरते आहे. खोक्यावर चार जीबी लिहिलं असलं तरी त्यातले काहीशे एमबी ग्राफिक्स, मोडेम आणि कॅमेरा यांच्यासाठी सुरुवातीलाच राखून ठेवलेले असतात, त्यामुळे अँड्रॉइडच्या हाती पावणेचारच्या आतबाहेर जागा येते. त्यातली दोन जीबीच्या आसपास खुद्द अँड्रॉइड, गूगलच्या सेवा, कीबोर्ड आणि होम स्क्रीन यांनी व्यापलेली. उरली दीड-पावणेदोन जीबी. फॉर्म उघडलेलं ब्राउझरचं पान त्यातली तीन-चारशे एमबी सहज घेतं. व्हॉट्सअ‍ॅप मागे आहे, मुलाने मघाशी खेळलेला गेमही मागे आहे. नाव, पत्ता, गुण, जातीच्या दाखल्याचा क्रमांक असं सगळं भरून झालं आणि फॉर्मने दाखल्याचा फोटो मागितला. आईने कॅमेरा उघडला. कॅमेरा हा फोनमधल्या सर्वांत खादाड अ‍ॅपांपैकी एक, कारण मोठमोठी चित्रं न दाबता, एकामागून एक रॅममध्येच ठेवून त्यांच्यातून तो एक फोटो तयार करतो. त्याने एकदम मोठी जागा मागितली.

आता अँड्रॉइडचा एक पहारेकरी कामाला लागतो. जागा संपत आली की कोणतं अ‍ॅप बंद करायचं हे ठरवणं एवढंच त्याचं काम. समोर दिसणाऱ्या अ‍ॅपला तो शक्यतो हात लावत नाही. बराच वेळ मागे पडलेल्यापासून सुरुवात करतो: आधी गेम गेला, मग व्हॉट्सअ‍ॅप, आणि तरीही पुरेना म्हणून ब्राउझरचं पान. दाखल्याचा फोटो छान आला. आई फॉर्मवर परतली तर पान पुन्हा पहिल्यापासून उघडतं आहे आणि सगळे रकाने रिकामे.

पैसे भरताना हेच ओटीपीच्या बाबतीत होतं. ओटीपी पाहायला मेसेजेसमध्ये गेलं आणि परत आलं, तर बँकेचं पान नव्याने उघडलेलं असतं आणि हातातला ओटीपी निरुपयोगी झालेला असतो. लोक नेटवर्कला दोष देतात, कधी साइटला. तो दोष कधी कधी खराही असतो, कारण चांगलं बनवलेलं अ‍ॅप बंद होण्यापूर्वी आपली अर्धवट माहिती स्टोरेजमध्ये टिपून ठेवतं आणि परतल्यावर तिथूनच सुरू होतं. पण एकाच फोनवर वेगवेगळी अ‍ॅपं वारंवार अशी ‘पहिल्यापासून’ उघडत असतील, तर रॅम अपुरी आहे असं समजावं.

अशा वेळी घरातला सल्ला एकच असतो: “फोन भरलाय, फोटो डिलीट कर.” बिचारी आई रात्री बसून नातवाच्या बारशाचे फोटो काढून टाकते, आणि दुसऱ्या दिवशी फॉर्म पुन्हा तसाच रिकामा होतो. मला या सल्ल्याचा मनापासून राग येतो, कारण त्यात आठवणी जातात आणि दुखणं तिथेच राहतं. फोटो स्टोरेजमध्ये असतात. ते काढल्याने रॅममध्ये एका एमबीचीही भर पडत नाही. स्टोरेज कमी पडल्याच्या खुणा वेगळ्या आहेत: फोन स्वतःच जागा संपत आल्याची सूचना देतो, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला व्हिडिओ उतरत नाही, नवीन अ‍ॅप बसत नाही, फोनचा अपडेट अर्ध्यावर थांबतो. काही वेळा कॅमेरा फोटो घ्यायलाच नकार देतो.

एका ठिकाणी मात्र ही दोन दुखणी एकमेकांत मिसळतात, आणि तो भाग समजून घेण्यासारखा आहे. फ्लॅश चिपमध्ये जुन्या मजकुरावर नवा मजकूर थेट लिहिता येत नाही. लिहायचं ते लहान लहान पानांत लिहिता येतं, पण पुसायचं असेल तर अशा शेकडो पानांचा एक अख्खा गठ्ठा एकदम पुसावा लागतो. स्टोरेजमध्ये भरपूर मोकळी जागा असेल तर चिप नवा मजकूर आधीच पुसून ठेवलेल्या गठ्ठ्यात लिहिते आणि जुन्याची सफाई फोन निवांत असताना करते. स्टोरेज काठोकाठ भरलं की ती सोय राहत नाही. मग एखादा मेसेज साठवायचा तरी आधी कुठल्या तरी गठ्ठ्यातली कामाची पानं दुसरीकडे हलवा, तो गठ्ठा पुसा आणि मग लिहा, असं चालतं. तोवर स्क्रीन थिजलेली. म्हणून स्टोरेजचा दहावा हिस्सा तरी मोकळा ठेवावा. अशा गच्च भरलेल्या फोनमधून मोठे व्हिडिओ काढून टाकले की फोन खरोखर हलका होतो, आणि त्या अनुभवावरूनच फोटो काढण्याचा सल्ला सगळ्याच दुखण्यांवर दिला जात असावा.

आता चांदणीकडे. व्हर्च्युअल रॅम म्हणजे स्टोरेजचाच एक तुकडा रॅमच्या मदतीला दिलेला. कंपन्या त्याला वेगवेगळी नावं देतात. सॅमसंगचं ‘रॅम प्लस’, मोटोरोलाचं ‘रॅम बूस्ट’. काम सगळ्यांचं साधारण एकच. रॅम भरत आली की अँड्रॉइड आधी मागच्या अ‍ॅपांचा मजकूर रॅममध्येच दाबून लहान करतो. साधारण अडीच-तीन पट जागा अशी वाचते, आणि ही सोय बहुतेक सगळ्या अँड्रॉइड फोनांत चांदणीशिवायच असते. त्यानंतरही जागा कमी पडली तर व्हर्च्युअल रॅमवाला फोन, बराच वेळ न लागलेला मजकूर स्टोरेजमधल्या त्या राखीव तुकड्यात नेऊन ठेवतो. आपण त्या अ‍ॅपकडे परतलो की तो तिथून पुन्हा खऱ्या रॅममध्ये आणावा लागतो, कारण काम फक्त तिथेच होऊ शकतं.

याचा उपयोग अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. आपल्या फॉर्मच्या गोष्टीत ब्राउझरचं पान बंद करण्याऐवजी स्टोरेजमध्ये नेऊन ठेवलं असतं, तर परतल्यावर क्षणभर अडखळून का होईना, भरलेले रकाने जागेवर सापडले असते. चार जीबीच्या फोनला म्हणून त्याचा आधार होतो. पण हजारपट मंद असलेल्या जागेला रॅम म्हणून, खऱ्या रॅममध्ये मिळवून, बेरीज ठळक छापणं हे मला गिऱ्हाइकाची दिशाभूल वाटतं. आठ अधिक आठचा फोन सोळासारखा चालत नाही. तो आठसारखाच चालतो, आणि आठही भरले की अ‍ॅपं बंद करण्याऐवजी काही काळ रेंगाळतो.

ते आठ जीबी एकशे अठ्ठावीसमधूनच वजा होतात, हे कुणी सांगत नाही. हिशोब करून पाहा. १२८ जीबीच्या फोनमध्ये अँड्रॉइड आणि कंपनीने आधीच भरलेली अ‍ॅपं मिळून वीसएक जीबी जातात. त्यात व्हर्च्युअल रॅमचे आठ. राहतात शंभरच्या आसपास. साध्या फुल एचडी व्हिडिओचं एक मिनिट बऱ्याच फोनांवर सव्वाशे एमबीच्या आगेमागे जातं, म्हणजे एक तास साडेसात-आठ जीबी. थोडक्यात, लग्नातल्या तासाभराच्या चित्रणाला पुरेल इतकी जागा त्या चांदणीखाली अडकलेली असते. शिवाय फ्लॅशचा प्रत्येक कण ठरावीक वेळाच पुसता-लिहिता येतो. व्हर्च्युअल रॅमने ते लिहिणं वाढतं. नेहमीच्या वापरात एवढ्याने फोन लवकर मरेल असं नाही, पण आठ जीबी खरी रॅम असताना तो खर्च कशासाठी करायचा?

तो बंद करता येतो. सॅमसंगमध्ये सेटिंग्जमधल्या डिव्हाइस केअरच्या मेमरी भागात रॅम प्लस सापडतं. इतर बऱ्याच फोनांत ‘अबाउट फोन’मध्ये रॅमच्या आकड्यावर बोट ठेवलं की अधिक चिन्हाच्या दोन्ही बाजू वेगळ्या दिसतात, तिथे नसेल तर सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘रॅम’ टाइप करावं. बंद केल्यावर फोन रीस्टार्ट करावा लागतो. आठ जीबीच्या फोनवर आठवडाभर बंद ठेवून पाहा. अ‍ॅपं पहिल्यापासून उघडू लागली नाहीत, तर ती जागा फोटोंना देऊन टाका. चार जीबीच्या फोनवर ती चालूच असू द्यावी.

खोक्यावर सहसा न सापडणारी आणि तरी फार महत्त्वाची गोष्ट म्हणजे स्टोरेजचा प्रकार. स्वस्त फोनांत ईएमएमसी नावाचा जुना प्रकार असतो, त्याच्या वरच्या फोनांत यूएफएस. ईएमएमसीला एका वेळी एक तर वाचता येतं किंवा लिहिता येतं, आणि सर्वांत नव्या ५.१ आवृत्तीचीही मर्यादा सेकंदाला ४०० एमबी. यूएफएस वाचन आणि लेखन एकाच वेळी करतं. त्यातली मध्यम किमतीच्या फोनांत दिसणारी २.२ आवृत्तीही वाचनात हजार एमबीच्या घरात जाते. मागे अ‍ॅपं अपडेट होत असताना फोन कॉल उचलायलाही उशीर करत असेल, तर तो बहुधा ईएमएमसीचा असतो. आणि ज्या फोनमध्ये स्टोरेजच मंद, त्यात व्हर्च्युअल रॅम आणखी मंद. सोळाची चांदणी सर्वांत मोठी दिसते ती बहुधा याच स्वस्त फोनांवर, हे मला सर्वांत जास्त खटकतं. कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलच्या तपशिलात हा प्रकार पाहावा, आणि आपण घेणार असलेल्या नेमक्या आकड्यासाठी पाहावा. एकाच मॉडेलमध्येही तो बदलतो: सॅमसंगच्या गॅलेक्सी एस२३ मध्ये १२८ जीबीच्या फोनला यूएफएस ३.१ होतं आणि २५६ जीबीच्या फोनला त्याहून वेगवान ४.०.

मग दुकानात सहा-दोनशे छप्पन्न आणि आठ-एकशे अठ्ठावीस एकाच किमतीला समोर आले तर कोणता घ्यावा? माझं उत्तर बहुतेकांसाठी आठ-एकशे अठ्ठावीस असं आहे. रॅमची चिप फोनच्या पाटीवर कायमची बसवलेली असते, अनेक फोनांत ती थेट प्रोसेसरच्या डोक्यावरच रचलेली असते. नंतर ती वाढवता येत नाही. अँड्रॉइड आणि अ‍ॅपं मात्र दरवर्षी जड होत जातात, त्यामुळे आज पुरेशी वाटणारी सहा जीबी तीन वर्षांनी चारसारखी वागू लागते. स्टोरेजला वाटा आहेत: कार्डाची खाच असेल तर मेमरी कार्ड, नाही तर फोनला जोडता येणारा पेनड्राइव्ह किंवा घरचा संगणक. फोटो-व्हिडिओ तिकडे हलवता येतात. अपवाद भरपूर व्हिडिओ करणाऱ्यांचा. ज्यांचा फोन हाच कॅमेरा आहे आणि ज्यांना दर आठवड्याला फाइली हलवत बसणं जमणार नाही, त्यांनी दोनशे छप्पन्न घ्यावा. खाच आहे का, आणि असली तर ती दुसऱ्या सिमच्या जागेवर आहे का, हे खोकं उघडण्याआधी विचारून घ्यावं. मेमरी कार्डाने रॅम वाढते असं कुणी सांगितलं तर ते चूक आहे.

आयफोन घेणाऱ्यांना हा प्रश्न पडत नाही, कारण ॲपल रॅमचा आकडा जाहिरातीत देतच नाही. तिथे फक्त स्टोरेज निवडायचं असतं, आणि कार्डाची खाच नसल्याने ते थोडं जास्तच निवडलेलं बरं.

रॅम साफ करून देणारी अ‍ॅपं मिळतात, ती बसवू नयेत. सत्तर-ऐंशी टक्के भरलेली रॅम हे आजाराचं लक्षण नाही. मागची अ‍ॅपं जागी ठेवण्यासाठीच ती असते. सफाईवालं अ‍ॅप ती बंद करून मोकळ्या जागेचा मोठा आकडा दाखवतं, आणि मग प्रत्येक अ‍ॅप पुन्हा स्टोरेजमधून उचलून आणावं लागतं. त्यात वेळही जातो आणि बॅटरीही. सतत सगळी अ‍ॅपं सरकवून बंद करण्याच्या सवयीचंही हेच.

आणि ज्यांना सध्या नवीन फोन घ्यायचाच नाही, त्यांच्या चार जीबीच्या फोनवर फॉर्म भरायचा असेल तर कामाचा क्रम बदलावा. दाखले, सही, फोटो हे सगळं आधी काढून, हवं त्या आकाराचं करून ठेवावं. मग गेम आणि व्हिडिओची अ‍ॅपं एकदा बंद करून ब्राउझर उघडावा, आणि त्यात फॉर्मचं एकच पान ठेवावं. फाइल जोडताना कॅमेरा न निवडता आधीच काढलेला फोटो निवडावा. ओटीपी आला की मेसेजेस उघडायला जाऊ नये. स्क्रीनच्या वरच्या कडेवरून बोट खाली ओढलं की सूचनांच्या पट्टीतच तो वाचता येतो, आणि मागचं पान तसंच उघडं राहतं.